९ हेक्टरचं पाणी एका गवती पाटातून काढायचंय, घळ न पडता. रुंदी-खोली कशी काढू?

सोयाबीनवाला_मेहकर
नमस्कार मंडळी. जमीन बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरकडं, भारी काळी. वरच्या बाजूची चार-पाच जणांची शेतं आणि माझं असं मिळून साधारण ९ हेक्टरचं पाणी माझ्या वावरातल्या लवणातून खाली नाल्याला जातं. लवणाची माझ्या हद्दीतली लांबी २२० मीटर. दरवर्षी जुलै-ऑगस्टात एक-दोन जोराचे पाऊस आले की मधोमध गुडघाभर ओघळ पडतो, मी उन्हाळ्यात नांगरून बुजवतो, परत पडतो. नाल्याकडच्या टोकाला तर आता चांगली माणूस उतरेल एवढी घळ झालीय आणि ती दरवर्षी वर सरकतेय.
आता ठरवलंय की जेसीबीने सरळ दीड मीटर रुंद आणि एक मीटर खोल चर काढायचा आणि त्यात गवत लावायचं. जेसीबीवाला म्हणतो एका दिवसात होईल. दिवसाला ९० मिमी पाऊस धरून हिशोब केला तर सेकंदाला ९४ लिटर येतात, म्हणजे त्या चरात ते पाणी दिसणारपण नाही. बरोबर चाललंय का?

जिरवा_पाणी
दादा पाणी काढून कशाला देताय? अडवा ना. आडवे बांध घाला, तीन-चार शेततळी काढा, आमच्या गावात पाणलोटाचं काम झालं तेव्हापासून विहिरींना मे पर्यंत पाणी आहे. काढून द्यायचा विचारच चुकीचा.

सोयाबीनवाला_मेहकर
भाऊ, भारी जमिनीत सोयाबीनमधे दोन दिवस पाणी थांबलं की पीक पिवळं पडतं. वरच्या लोकांचे बांध आहेतच, तेच भरून फुटतात आणि सगळं एकदम माझ्याकडं येतं. प्रश्न त्या पाण्याचा आहे.

पाणलोट_काका
मृदसंधारणात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. आधी तो जेसीबी थांबवा, मग बोलू.
तुमचा ९४ लिटरचा हिशोब अंकगणित म्हणून बरोबर आहे पण पाऊस चोवीस तास सारखा पडत नाही. घळ पाडतो तो दहा-पंधरा मिनिटांचा झोडपा. मला एवढं सांगा, पाणलोटाच्या सगळ्यात लांबच्या टोकापासून तुमच्या नाल्यापर्यंत पाण्याची वाट किती लांब आणि दोन्ही टोकांत उंचीचा फरक किती? मोबाईलवरच्या उंचीवर विसंबू नका, पाण्याची नळी किंवा डंपी लेव्हल लावा.

सोयाबीनवाला_मेहकर
काका, मागच्या वर्षी ढाळीच्या बांधासाठी लेव्हल घेतली होती तो कागद आहे. वाट ४८० मीटर, फरक ९ मीटर.

बीटेक_अ‍ॅग्री
मी करून देतो, आमच्या थर्ड इयरला होतं हे. किरपिचच्या सूत्राने पाण्याला टोकापासून तोंडापर्यंत यायला साधारण साडेदहा मिनिटं लागतात. म्हणजे दहा मिनिटं टिकणारा पाऊस घ्यायचा. दहा वर्षांतून एकदा येणारा दहा मिनिटांचा पाऊस तुमच्या भागाला ताशी १२० मिमी धरू. लागवडीखालची चिकण काळी माती, ५ टक्क्यांच्या आतला उतार, म्हणून गुणांक ०.६. मग

```
Q = C × I × A / 360
Q = 0.6 × 120 × 9 / 360 = 1.8 घनमीटर/सेकंद
```

म्हणजे १८०० लिटर सेकंदाला, ९४ नाही. आता n, म्हणजे गवत पाण्याला किती अडवतं तो आकडा, ०.०४ घ्यायचा, वेग मॅनिंगच्या सूत्राने काढायचा, झालं डिझाईन.

पाणलोट_काका
१.८ पर्यंत शाबास. १२० जरा कमीच वाटतो मला, १३० सुद्धा धरता येईल, पण त्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही, गुणांकातच त्यापेक्षा जास्त चूक असू शकते. पण "झालं डिझाईन" इथे मी थांबवतो तुम्हाला, त्यावर येतोच.
आधी मेहकरवाल्यांचा चर. दीड मीटर रुंद, उभ्या कडांचा, उतार २ टक्के. त्यात १.८ घनमीटर पाणी फक्त ५५ सेंटीमीटर खोलीने जाईल, म्हणजे मावेल आरामात. पण वेग होईल सेकंदाला २.२ मीटर. उघड्या काळ्या मातीला पाऊण मीटरच्या पुढे वेग सोसत नाही. तुम्ही पैसे देऊन घळच खणून घेताय. चरात पाणी मावतंय ना एवढंच सगळे बघतात, खरं तर काम वेग दाबण्याचं आहे आणि त्यासाठी पाणी पसरून पातळ करावं लागतं.

पोकलेन_पाटील
काका बरोबर. पण एक सांगतो, जेसीबीच्या बकेटने बशीसारखा आकार येतच नाही, कडा उभ्याच राहतात. आमच्याकडं असलं काम ट्रॅक्टरच्या मागच्या पात्याने करतात, पाते तिरकं लावून मधून कडेला माती ओढत नेतात. डिझेल जास्त जातं, पण आकार बरोबर येतो आणि नंतर ट्रॅक्टर आडवा सहज पार होतो.

सोयाबीनवाला_मेहकर
मग रुंदी किती लागेल काका? सरळ सांगा.

पाणलोट_काका
सांगतो पण जरा सावकाश, कारण एकाच पाटाचा हिशोब तीनदा करावा लागतो.
हरळी पक्की बसली की दीड मीटर वेगसुद्धा सोसते, पण काळी माती भेगाळते म्हणून मी १.२ च्या वर जात नाही. १.८ ला १.२ ने भागा, दीड चौरस मीटर छेद पाहिजे. उतार २ टक्के, गवत नुकतं कापलेलं, n ०.०४, तर मधली खोली येते ३० सेंटीमीटर आणि पाण्याच्या माथ्याची रुंदी साडेसात मीटरच्या थोडी वर. ही झाली कापलेल्या गवताची स्थिती, वेग इथे सगळ्यात जास्त असतो म्हणून आकार यावर ठरवायचा.
आता सप्टेंबर घ्या. गवत चांगलं वाढलंय, कोणी कापलं नाही. n ०.०८ धरा. तेच १.८ पाणी त्याच पाटात आता ४१ सेंटीमीटर चढतं, वेग पाऊण मीटरवर येतो. माती सुरक्षित आहे, पण तुम्ही खोली ३० धरून कडा बांधली असेल तर पाणी कडेवरून बाहेर जाईल आणि शेतातून नवा ओघळ पाडत खाली जाईल. म्हणून खोली या दुसऱ्या स्थितीवर ठरते. ४१ अधिक वरची मोकळी जागा धरून ५५ सेंटीमीटर, आणि त्या उंचीला पाटाची रुंदी सव्वादहा-साडेदहा मीटर.
बीटेकवाल्यांनी एकच n घेतला असता तर या दोनांतलं एक तरी चुकलं असतं.

बीटेक_अ‍ॅग्री
पण काका आमच्या मॅन्युअलमधे सरळ ०.०४ घ्या असंच आहे. आणि मोठ्या पाण्यात गवत आडवं पडतं ना, मग ०.०८ राहीलच कसा?

पाणलोट_काका
चांगला मुद्दा. गवत लवतं, आणि लवलं की n खाली येतो, म्हणून n हा गवताचा ठरलेला आकडा नाहीच, तो वेग आणि खोलीबरोबर बदलतो. तक्ते आहेत त्याचे. लांब हरळी ३०-४० सेंटीमीटर पाण्यात पूर्ण लवेल का अर्धवट, हे नेमकं कोणीच सांगू शकत नाही, म्हणून खोलीसाठी वरचा n आणि वेगासाठी खालचा n घ्यायचा. दोन्हीकडून वाईटातलं वाईट. मॅन्युअलचा ०.०४ वेग तपासायला चालतो, कड किती उंच पाहिजे ते त्यावर ठरवू नका.

सोयाबीनवाला_मेहकर
साडेदहा मीटर × २२० मीटर म्हणजे जवळजवळ २३ गुंठे! अर्ध्या एकरापेक्षा जास्त गेलं की माझं. वरचे लोक देणार आहेत का भरपाई 😅

पाणलोट_काका
सगळीकडे साडेदहा कशाला? तुमच्या वरच्या बांधापाशी पूर्ण ९ हेक्टर येतात का, का काही पाणी मधे बाजूने मिळतं?

सोयाबीनवाला_मेहकर
वरून साधारण ४ हेक्टरचं येतं. ५ हेक्टरचं मधे, डाव्या बाजूच्या ढाळीच्या बांधातून मिळतं, बरोबर अर्ध्या वाटेवर.

पाणलोट_काका
मग वरच्या ११० मीटरला पाणी ०.८ च. खोली तीच ठेवा, रुंदी साडेचार-पाच मीटर पुरे. पाणी तिथपर्यंत लवकर पोचतं म्हणून पावसाचा जोर थोडा जास्त धरावा लागतो, त्यासाठी पाच धरा. खाली साडेदहा. एकूण १७ गुंठ्यांच्या आसपास. आणि ते वाया जात नाहीत, गवत कापून जनावराला घाला. दरवर्षी घळ बुजवण्यात जेवढी माती जाते तिची किंमत मी करत नाही, तुम्हाला माहीतच आहे.
मात्र तो डाव्या बाजूचा बांध जिथे मिळतो तिथे पाणी वरून पाटात पडता कामा नये. बांधाच्या चराचा तळ पाटाच्या तळाच्या थोडा वर ठेवून, तोंड पसरट करून गवताच्या उतारावरून आणा.

गवतवाली_ताई
काका तिसरी स्थिती सांगायची राहिली की हो! गवत नसतानाची. माझ्याकडं माणदेशात शेळ्या आहेत, गवतच माझं पीक, आणि मी बघितलंय की असे पाट पहिल्याच पावसाळ्यात वाहून जातात. मे मधे खणतात, जूनमधे बी फेकतात, जुलैत पाट बी घेऊन जातो.

पाणलोट_काका
ताई, तेच लिहायला बसलो होतो. याच पाटात गवत नसताना n ०.०२५, १.८ पाणी आलं तर वेग १.६५ मीटर. बरं दहा वर्षांचा पूर सोडा, त्याच्या तिसरा हिस्सा म्हणजे ०.६ आलं, जे दर पावसाळ्यात येणार, तरी वेग १.२ च्या जवळ जातो. काळी माती गेलीच समजा. म्हणजे पाटाचा आकार कितीही बरोबर असो, पहिल्या वर्षी त्यात पूर्ण पाणी सोडायचंच नाही. मेहकरवाल्यांना सोय आहे, जुना ओघळ एका बाजूला ठेवून नवा पाट शेजारी, १०-१२ मीटर सोडून काढता येईल का बघा. तोंडाशी मातीचा तात्पुरता बांध, पाणी एक पावसाळा जुन्या ओघळाने जाऊ द्या, पुढच्या वर्षी बांध फोडा.

सोयाबीनवाला_मेहकर
शेजारी काढला तर लवणाच्या बाहेर जातो काका, पाणी परत खाली मधेच ओढ घेईल. लवणातच करावा लागेल. विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं.

गवतवाली_ताई
मग गवत पावसाच्या आधी बसवा. थंडीत हरळी झोपलेली असते, फेब्रुवारी संपताना लावा. बी नको, ठोंब नाहीतर वेलाचे तुकडे, ओळी पाण्याच्या वाटेला आडव्या, ओळीत वीतभर अंतर, लावून पायाने दाबायच्या. मार्चभर पाणी दिलं तर एप्रिलपर्यंत जमीन धरते, मग उन्हात पिवळी पडली तरी मुळं जिवंत राहतात. फक्त आकार देताना वरची काळी माती बाजूला काढून ठेवा आणि शेवटी परत पसरा, खालच्या पिवळ्या मातीत गवत नुसतं उभं राहतं, पसरत नाही.
आणि एक, मधोमध मारवेल नको. चारा म्हणून मारवेल छानच, पण ती बेटानं वाढते, दोन बेटांमधून पाणी वाट काढतं आणि तिथूनच ओघळ सुरू होतो. तळाला हरळी, वरच्या कडांना मारवेल.

सोयाबीनवाला_मेहकर
ताई हरळी?? आमचे वडील ३० वर्षं हरळी खणत आले 😂 ती सगळ्या सोयाबीनमधे पसरणार. घरात युद्ध होईल.

गवतवाली_ताई
पसरणार, खोटं नाही सांगणार. कडेला दोन वखराच्या पाळ्या जास्त द्यायच्या. पण तणनाशक मारताना नळी बंद करा बरं का पाटाजवळ, लोक सोयाबीनचा स्प्रे मारता मारता पाटावरून तसेच पुढे जातात आणि मग ऑगस्टमधे विचारतात गवत का वाळलं.

वाळा_प्रेमी
हरळीचं भांडणच नको, वाळा लावा. मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, दर १० मीटरवर आडवी ओळ, कसलीच घळ पडत नाही. मी बांधावर लावलाय, अप्रतिम.

पाणलोट_काका
बांधावर अप्रतिमच आहे. पाटात आडवी ओळ लावली तर ती दाट झाल्यावर छोटा बांधच होते, मागे गाळ साचतो, मधला तळ कडेपेक्षा वर येतो आणि पाणी ओळीच्या टोकाला वळसा घालून जातं. ओळ कडांवर पुरेशी वर चढवली आणि समतल धरली तर वळसा टळतो, पण गाळाचं काय? मी पाटाच्या तळात वाळा लावत नाही. नाल्याच्या तोंडाशी, दगडी कामाच्या दोन्ही बगलांना जरूर लावा.

पूर्णाकाठ_दर्यापूर
आमच्या खारपाणपट्ट्यात केलं होतं बाप्पा हे सगळं. पाट बशीसारखा, गवतही आलं. दोन वर्षांनी पाटाच्या मधे भोकं पडली, वरून गवत शाबूत आणि खालून पोकळ! पाय घातला तर मांडीपर्यंत आत. पाणी भेगांतून आत जाऊन खालून माती नेत होतं. ठेकेदार म्हणे उंदीर आहेत. मंग गवताचा उपयोग काय झाला जी?

पाणलोट_काका
तुमच्या पूर्णा खोऱ्यात मातीत सोडियम जास्त, ती माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते. वाटीत स्वच्छ पावसाचं पाणी घेऊन मातीचं ढेकूळ अलगद ठेवा, हलवू नका. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला तर ती जात. तिथे भेगा भरून, माती ओली करून चांगली दाबावी लागते, जिप्सम घालतात, तरी मी खात्री देणार नाही. मेहकरवाल्यांनीही हे वाटीचं करून बघावं, विशेषतः बुजवलेल्या ओघळातल्या भरावावर. भराव थराथराने दाबला नाही तर तो पहिल्या पावसात बसतो आणि मधोमध आयती नाळ तयार होते.

पूर्णाकाठ_दर्यापूर
जिप्सम किती टाकायचं १७ गुंठ्याले? नुसतं वर पसरून खालची भोकं थांबतात का?

सोयाबीनवाला_मेहकर
वाटीत बघितलं, ढेकूळ फुटलं पण पाणी स्वच्छच राहिलं. म्हणजे त्या बाबतीत ठीक ना?
आता खालच्या टोकाचं. पाट संपतो तिथून नाल्याचा तळ १.२ मीटर खाली आहे, आणि शेवटच्या ४० मीटरला उतार २ नाही, साडेतीन टक्के येतोय.

पाणलोट_काका
हो, माती ठीक. आणि ही शेवटची ४० मीटरच तुमची मूळ व्याधी आहे. तुमची घळ वरून खाली पडत नाही, नाल्याकडून वर चढते. पाणी कड्यावरून पडतं, पायथा कुरतडतं, कडा ढासळतो, परत मागे सरकतो. पाट कितीही चांगला केला आणि हे तोंड तसंच ठेवलं तर घळ गवताखालून वर येईल. म्हणून काम खालून सुरू करा. तोंडाशी दगडाचा, जाळीचा सांडवा बांधा. १.८ पाणी ३० सेंटीमीटर जाडीने जायचं तर सांडव्याचं तोंड साडेसहा मीटर लांब लागेल. लोक दोन मीटरचं ठेवतात, पाणी बगलेतून फिरतं आणि सांडवा एकटा नाल्यात उभा राहतो. खाली पाणी पडतं तिथे दगडाचा बिछाना हवाच.
साडेतीन टक्क्याच्या भागात तोच १.२ वेग ठेवायला खोली २० सेंटीमीटरच परवडते, म्हणजे पाण्याचा माथा साडेअकरा मीटर. मोकळी जागा धरून अजून रुंद.

पोकलेन_पाटील
काका एवढं रुंद करण्यापेक्षा मधे अजून एक लहान सांडवा घाला ना, ४० मीटरमधे ६० सेंटीमीटरची पायरी दिली की उतार २ टक्क्यावर येतो आणि पाट साडेदहाचाच राहतो. दगड तिकडे मिळतोच.

पाणलोट_काका
हिशोब बरोबर आहे तुमचा. पण प्रत्येक पायरी म्हणजे फुटायची अजून एक जागा. मी रुंद करीन. जमिनीची टंचाई असेल तर पायरी. इथे दोन मतं राहणारच.

बीटेक_अ‍ॅग्री
साडेअकरा मीटर रुंद आणि २० सेंटीमीटर खोल म्हटलं तर तळ एकसारखा येईल का? थोडं जरी वाकडं झालं तर सगळं पाणी एका बाजूला.

पाणलोट_काका
खरं आहे, रुंद पाटाची तीच अडचण. आडवी लेव्हल दर दहा मीटरवर घ्या. आणि पहिल्या पावसानंतर चालत जाऊन बघा. गवतात काडीकचरा अडकलेला असतो, त्याच्या रेषेवरून पाणी कुठून गेलं ते कळतं. कचरा एकाच बाजूला जास्त वर दिसला तर पाट तिरका आहे. दुसरं, पाटाच्या बाहेर, कडेला समांतर बारीक ओघळ दिसला तर कड वर आलीय, शेताचं पाणी आत जात नाहीये. हे फार होतं. काढलेली माती कडेला ढीग करून ठेवतात, किंवा नांगर दरवेळी माती कडेकडे फेकतो, चार वर्षांत वितभर उंबरा तयार होतो. मग शेतातलं पाणी उंबऱ्याबाहेरून पळतं आणि पाटाशेजारी दुसरी घळ. काढलेली माती लांब पसरा, आणि तासं पाटाच्या कडेला समांतर नकोत.

सोयाबीनवाला_मेहकर
तासं समांतरच येतात माझी, वावर लांबट आहे. आडवी पेरणी केली तर ट्रॅक्टरला वळणं फार.

गवतवाली_ताई
कडेची दोन मीटर पट्टी तरी आडवी पेरा, नाहीतर तिथेही गवतच सोडा. आणि ट्रॅक्टरला तो पाट रस्ता म्हणून वापरू देऊ नका, ओल्या गवतावर एकदा चाकोरी पडली की पुढचं पाणी त्या चाकोरीतूनच जाणार. जनावरंसुद्धा पावसाळ्यात आत नको, कापून घाला.

सोयाबीनवाला_मेहकर
ठीक. या महिन्यात लेव्हल, मग तोंडाचा सांडवा, फेब्रुवारीत पात्याने पाट आणि हरळी. पहिल्या पावसाळ्याला डाव्या बाजूचं ५ हेक्टरचं पाणी तरी दुसरीकडून काढता येतं का ते त्या शेतकऱ्याशी बोलून बघतो, पण तो आधीच बांधावरून नाराज आहे. काका, गवत एप्रिलपर्यंत अर्धंच बसलं तर काय करायचं? पाणी तर जूनला येणारच.

पाणलोट_काका
अर्धं बसलं तर तळाच्या मधल्या दोन-तीन मीटर पट्ट्यात सोयाबीनचं कुटार नको, वाहून जातं. तुराट्या आडव्या अंथरून खुंट्या-सुतळीने बांधा, त्यातून हरळी वर येते. आणि वरच्या तोंडाशी बांध घालून निम्मं पाणी तरी त्या वर्षी दुसरीकडून वळवता आलं तर बघा. शेजाऱ्याशी सांडव्याचे दगड टाकायच्या आधी बोला, नंतर नको.

पूर्णाकाठ_दर्यापूर
काका माया जिप्समचं राहिलं.